चार मिनिटांत कादंबरी

महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेत एक ओळ ठरलेली असते: पाहुण्यांचा परिचय. तोवर दीपप्रज्वलन झालेलं असतं, स्वागत झालेलं असतं, प्राचार्यांचं प्रास्ताविकही झालेलं असतं. मग एखादी विद्यार्थिनी किंवा तरुण प्राध्यापक हातात कागद घेऊन माईकसमोर येतो. कागदावर लेखिकेचं जन्मगाव असतं, पदव्या असतात, पुस्तकांची यादी असते आणि पुरस्कारांची त्याहून मोठी यादी असते. ज्या नव्या कादंबरीसाठी ही संध्याकाळ ठरवली, तिच्या वाट्याला शेवटचं एक वाक्य येतं. ती नुकतीच प्रसिद्ध झाली आहे आणि तिला वाचकांचा उत्तम प्रतिसाद लाभतो आहे, एवढंच.

हा दोष त्या विद्यार्थिनीचा नसतो. बहुतेक वेळा तिच्याकडे हे काम आदल्या दिवशी आलेलं असतं, सोबत लेखिकेचा एक पानी बायोडाटा असतो आणि पुस्तक मात्र विभागप्रमुखांच्या टेबलावर असतं. ती बायोडाट्यातली वाक्यं नीट जोडते आणि वाचून दाखवते. आणखी काय करणार?

पण कार्यक्रमातली ही चार-पाच मिनिटं पुढचा तासभर ठरवतात. कादंबरी नवी असते, म्हणजे सभागृहातल्या बहुतेकांनी ती वाचलेली नसते. लेखिका वाचनाला बसते, मधलाच एखादा उतारा उघडते, आणि श्रोत्यांना त्यातली माणसं कोण, ती कशात अडकली आहेत, हे ठाऊक नसतं. परिचयात फक्त चरित्र आलं असेल तर प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्नही चरित्राचाच येतो: लिहिण्याची प्रेरणा कुठून मिळाली? परिचयात कादंबरीतला एखादा पेच आला असेल तर पहिला प्रश्न त्या पेचाबद्दल येतो. लेखिकेला कोणता आवडेल हे सांगायला नको.

कादंबरीतली आशयसूत्रं थोडक्यात कशी सांगायची, हे एका खऱ्या कादंबरीवर करून पाहिलं तर नीट कळतं. त्यासाठी गीतांजली श्री यांची ‘रेत समाधि’ घेऊ. ही हिंदी कादंबरी 2018 साली राजकमल प्रकाशनानं काढली. डेझी रॉकवेल यांनी केलेल्या तिच्या इंग्रजी अनुवादाला मे 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळालं. भारतीय भाषेतून अनुवादित झालेल्या पुस्तकाला हा मान पहिल्यांदाच मिळाला, आणि नियमाप्रमाणे 50,000 पौंडांची रक्कम लेखिका आणि अनुवादक यांच्यात निम्मी-निम्मी वाटली गेली. त्यानंतर या कादंबरीची ओळख करून देणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मजकुराची सुरुवात बुकरपासून होऊ लागली, आणि बरेचदा शेवटही तिथेच.

म्हणून समजा, साल 2018 आहे. बुकर अजून चार वर्षं दूर आहे. महाराष्ट्रातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या हिंदी आणि मराठी विभागांनी मिळून गीतांजली श्री यांना बोलावलं आहे आणि परिचयाचं काम एका एम.ए.च्या विद्यार्थिनीकडे आलं आहे. टेकायला पारितोषिक नाही. हातात आहे फक्त पुस्तक.

पुस्तक साडेतीनशेहून अधिक पानांचं आहे आणि सरळ चालणारं नाही. ऐंशी वर्षांची एक बाई नवरा गेल्यावर घराकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून पडून राहते. मुलगा सरकारी अधिकारी, आता निवृत्तीला आलेला. सून आहे, नातवंडं आहेत, नोकरचाकर आहेत. सगळे तिला उठवायला बघतात, ती उठत नाही. मग एके दिवशी ती उठते आणि घरातून नाहीशीच होते. सापडल्यावर ती मुलीकडे राहायला जाते. ही मुलगी एकटी, स्वतंत्र, आपल्या मर्जीनं जगणारी, घराच्या रीतीरिवाजांतून कधीच बाहेर पडलेली. तिथे आईचं आयुष्य नव्यानं उघडतं. रोझी नावाच्या तृतीयपंथी मैत्रिणीशी तिची जवळीक घट्ट होते. आणि पुढे ही म्हातारी पाकिस्तानात जायला निघते. कादंबरीचे तीन भाग आहेत: ‘पीठ’, ‘धूप’ आणि ‘हद-सरहद’.

आता सूत्रं कोणती म्हणायची? वही घेऊन बसलं तर पाच मिनिटांत यादी तयार होते: वार्धक्य, वैधव्य, आई आणि मुलगी, एकत्र कुटुंब, तृतीयपंथीयांचं जगणं, फाळणी, देशांच्या सीमा, स्मृती. सगळं खरं आहे. आणि ही यादी जशीच्या तशी वाचून दाखवली तर श्रोत्यांच्या हाती काहीच लागत नाही, कारण यातलं प्रत्येक नाव आणखी पन्नास कादंबऱ्यांना लावता येतं. फाळणीवर तर हिंदी-उर्दूत पिढ्यान्‌पिढ्या लिहिलं गेलं आहे. मंटो आहेत, भीष्म साहनी आहेत, कृष्णा सोबती आहेत. ‘रेत समाधि’ला याची पूर्ण जाण आहे. वाघा सीमेवरच्या प्रकरणात फाळणीचे हे लेखक आणि त्यांची पात्रं खुद्द कादंबरीतच हजर होतात. ‘फाळणीवरची कादंबरी’ हे वर्णन म्हणूनच अपुरं पडतं. या कादंबरीनं त्या जुन्या दुःखाशी वेगळं काय केलं, ते सांगावं लागतं.

सूत्र सांगायचं म्हणजे विषयाचं नाव घ्यायचं नाही, पेच सांगायचा. त्यासाठी एक साधी युक्ती आहे. यादीतल्या प्रत्येक नामाला कर्ता आणि क्रियापद द्यायचं. ‘वार्धक्य’ असं लिहिल्यावर काही घडत नाही. ‘जिला सगळ्यांनी संपलेली धरलं ती ऐंशीव्या वर्षी निघायचं ठरवते’ असं लिहिलं की काहीतरी घडायला लागतं. ‘आई आणि मुलगी’ याचं होतं: ‘मुलगी आईला आपल्या घरी मोकळीक द्यायला आणते, आणि बघता बघता आई तरुण होते, मुलगीच घर सांभाळणारी, काळजी करणारी बाई होऊन बसते.’ हा उलटफेर कादंबरीच्या मधल्या भागाचा गाभा आहे आणि तो ऐकणाऱ्याला लगेच भिडतो, कारण आईवडिलांना आपल्याकडे आणलेल्या प्रत्येक घराला तो थोडाफार ठाऊक असतो.

अशी सात-आठ वाक्यं झाली की त्यांच्यात धागा शोधायचा. इथे तो स्पष्ट दिसतो. आई भिंतीकडे तोंड करते तेव्हा घर आणि ती यांच्यात रेघ पडते. मुलाचं घर आणि मुलीचं घर यांत रेघ आहे. बाई आणि पुरुष यांच्यात समाजानं आखलेली रेघ रोझीच्या जगण्यात पुसली जाते. शेवटी दोन देशांतली रेघ येते. म्हणजे हद्द हे सूत्र तिसऱ्या भागात अचानक येत नाही, ते पहिल्या पानापासून घरातच आहे. एवढं उमगलं की यादीतली आठ नावं एका वाक्यात बसतात: माणसानं आखलेल्या हद्दी ओलांडायला एक म्हातारी बाई निघते, आणि पहिली हद्द तिच्या खोलीच्या भिंतीपाशीच असते. परिचयाला असं एक वाक्य पुरतं. बाकीचं सगळं त्या वाक्याच्या आधाराला आणायचं.

नुसतं सूत्र हवेत राहतं, म्हणून त्याला एक प्रसंग जोडायचा. एकच. प्रसंग निवडताना दोन गोष्टी बघाव्या लागतात: तो कादंबरीच्या पहिल्या तृतीयांशातला हवा, म्हणजे पुढचं काही फुटत नाही, आणि तो डोळ्यांना दिसणारा हवा. ‘रेत समाधि’त अशा जागा पुष्कळ आहेत. त्यातली एक काठीची. परदेशातला नातू आजीसाठी एक काठी आणतो. घडी घालता येणारी, रंगीबेरंगी, फुलपाखरांची नक्षी असलेली. वळकटी होऊन पडलेल्या आजीला घरचे डॉक्टरी उपायांनी, लाडीगोडीनं, रागानं हलवू पाहत असतात. तिच्या हाताला जे लागतं ते मात्र एका नातवानं हौसेनं आणलेलं खेळण्यासारखं काहीतरी असतं. म्हातारपणाचा आधार म्हणून दिलेली वस्तू पुढे प्रवासाचं साधन होते. सभागृहातल्या शेवटच्या रांगेतल्या मुलालाही ही काठी दिसते, आणि लेखिकेनं नंतर वाचनात ती उल्लेखली की त्याचे कान टवकारतात.

दुसरी जागा दाराची. सरकारी अधिकाऱ्याच्या बदल्या होतात, बंगले बदलतात, पण या घराचं दार जणू तेच राहतं, प्रत्येक नव्या घरात सोबत येतं. हद्दीच्या सूत्राला दार काठीपेक्षाही जवळचं आहे. तरी चार मिनिटांच्या बोलण्यात दोन्ही घेऊ नयेत. दार समजावून सांगायला वेळ लागतो, काठी क्षणात कळते. बोलून सांगायचं असेल तेव्हा काठीच घ्यावी, लेख लिहायचा असेल तर दार.

चरित्राचं काय करायचं? ते पूर्ण वगळावं असं नाही. जो तपशील सूत्राला हात लावतो तेवढाच घ्यायचा. गीतांजली श्री यांचा जन्म 1957 साली उत्तर प्रदेशात मैनपुरीला झाला, त्यांनी इतिहासाचा अभ्यास केला, प्रेमचंदांवर संशोधन केलं. ही माहिती निमंत्रणपत्रिकेवर छापता येते. परिचयात मोलाच्या आहेत त्या वेगळ्याच दोन गोष्टी. एक, त्यांची 1993 साली आलेली पहिली कादंबरी ‘माई’. तीत पदराआड वाकून जगणारी आई आहे आणि तिला त्या जुन्या घराच्या उंबरठ्यातून सोडवू पाहणारी मुलं आहेत. पंचवीस वर्षांनी आलेल्या ‘रेत समाधि’त आई कुणी सोडवायची वाट बघत नाही. या दोन कादंबऱ्या शेजारी ठेवल्या की लेखिकेचा प्रवास दोन वाक्यांत उभा राहतो. मधल्या सगळ्या पुस्तकांची नावं घेण्यापेक्षा हे किती तरी जास्त सांगतं.

दुसरी गोष्ट नावाची. त्यांच्या नावातलं ‘श्री’ हे आडनाव नाही, ते त्यांच्या आईचं नाव आहे. वडिलांकडून आलेलं आडनाव न लावता त्यांनी आईचं नाव आपल्या नावापुढे ठेवलं. आई-मुलीच्या नात्यावर लिहिणाऱ्या लेखिकेबद्दल हा तपशील एका वाक्यात फार पुढे नेतो. मात्र तो सांगून थांबायचं. त्यावरून कादंबरीतली आई म्हणजे लेखिकेचीच आई, असं सुचवायला जायचं नाही.

हा मोह खरोखर मोठा असतो, आणि स्त्री-लेखकांच्या बाबतीत तो जास्तच होतो. पुरुषानं लिहिलेली कादंबरी कल्पनेची निर्मिती ठरते आणि बाईनं लिहिलेली तिच्या आयुष्याची गोष्ट. मराठीत याचा इतिहास आहे. 1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आणि पुढच्या वर्षी ‘हिंदोळ्यावर’ ही पुस्तकं विभावरी शिरूरकर या नावानं आली. बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, यांनी ती टोपणनावानं लिहिली होती. पुस्तकांत शिकलेल्या, कमावत्या मुलींची घुसमट होती. पण चर्चेचा मोठा भाग ही विभावरी कोण आणि हे सारं तिचंच आहे का, या शोधाकडे वळला. आज परिचयात ‘लेखिकेनं स्वानुभवातून साकारलेली’ असं सहज म्हटलं जातं, तेव्हा तीच जुनी सवय पुन्हा चालू होते. लेखिकेनं स्वतः तसं म्हटलेलं नसेल तर हे वाक्य लिहू नये.

कुठे थांबायचं हा परिचयातला सर्वांत नाजूक भाग. ‘रेत समाधि’त आई पाकिस्तानात जाते एवढं सांगायला हरकत नाही. ती का जाते आणि तिथे काय होतं, ते सांगायचं नाही, आणि ते इथेही सांगितलेलं नाही. रोझीची गोष्टही अर्ध्यावर सोडावी लागते. तिच्या ओळखीचा एक पदर वाचकानं स्वतः उलगडायचा आहे. नियम असा करता येईल: ज्या कारणासाठी पात्र निघतं ते कारण कादंबरीनं उशिरा उघड केलं असेल, तर परिचयात पात्र निघालेलं दाखवावं आणि कारण झाकून ठेवावं. शंका असेल तर लेखिकेला विचारावं.

विचारावं म्हणजे खरोखर फोन करून. कार्यक्रमाच्या चार-सहा दिवस आधी केलेला पाच मिनिटांचा फोन पुढच्या बहुतेक चुका टाळतो. आज तुम्ही कोणता उतारा वाचणार? कादंबरीतलं काय आधी सांगितलेलं चालणार नाही? आणि तुमचं नाव नेमकं कसं उच्चारायचं, त्यामागे काय लावायचं? एवढे तीनच प्रश्न. पहिल्या प्रश्नामुळे परिचय करून देणारीनं निवडलेला प्रसंग आणि लेखिकेनं वाचायला ठरवलेला उतारा एकच निघण्याचा पेच टळतो. दोन्ही एकच निघाले तर लेखिकेच्या वाचनातली गंमत आधीच संपते आणि तिला मंचावर बसून ते ऐकावं लागतं. तिसरा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण आपल्याकडे लेखिकेच्या नावामागे ‘सौ.’ किंवा ‘श्रीमती’ जोडून द्यायची सवय अजून गेलेली नाही. अनेक लेखिकांना यातलं काहीच नको असतं. सानियांसारख्या लेखिकेनं तर एकाच शब्दाचं नाव घेऊन लिहिलं. अशा वेळी परिचय करून देणाऱ्यानं खरं नाव हुडकून जोडलं तर तो माहितीपूर्ण ठरत नाही, लेखिकेनं घेतलेला निर्णय तो मोडतो.

हे सगळं जमवून त्या काल्पनिक 2018 च्या संध्याकाळी विद्यार्थिनीनं वाचायचा मजकूर साधारण असा होईल:

“नमस्कार. आजच्या आपल्या पाहुण्या गीतांजली श्री. त्यांच्या नावातलं ‘श्री’ हे त्यांच्या आईचं नाव. हे आधी सांगते, कारण आज आपण ज्या कादंबरीसाठी जमलो आहोत तिच्या मध्यभागी एक आई आहे.

“ही आई ऐंशी वर्षांची आहे. तिचा नवरा वारला आहे. ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली आहे आणि घरातल्या कुणाचंही ऐकून उठत नाही. घर मोठं आहे, माणसं प्रेमळ आहेत, सगळे आपापल्या परीनं प्रयत्न करतात. तिच्या परदेशातल्या नातवानं तिला एक काठी आणून दिली आहे. घडीची, रंगीत, फुलपाखरांची. म्हाताऱ्या माणसाला काठी देतो आपण, ती घरातल्या घरात फिरण्यापुरती. या आजीच्या मनात मात्र वेगळंच काही आहे. ती उठते, आणि मग घरात थांबत नाही. मुलाच्या घरातून ती मुलीच्या घरी जाते. तिथून ती अशा ठिकाणी जायला निघते जिथे जायला पासपोर्ट लागतो.

“या कादंबरीत हद्दी पुष्कळ आहेत. भिंत, दार, मुलाचं घर आणि मुलीचं घर, बाई कुणाला म्हणायचं आणि पुरुष कुणाला, आणि शेवटी दोन देश. आपल्याला वाटतं, यातली देशांची हद्द सर्वांत कठीण. कादंबरी वाचताना मला तसं वाटलं नाही. आजीनं भिंतीकडून कूस बदलली, तिथेच सगळ्यात मोठी हद्द ओलांडली गेली, असं मला वाटलं. गीतांजलीजींना ते पटतं का, हे मला त्यांना विचारायचं आहे.

“पंचवीस वर्षांपूर्वी त्यांची ‘माई’ ही कादंबरी आली. तिथे मुलं आईला घराबाहेर काढू बघत होती. इथे आई निघाली आहे आणि मुलगी तिच्या मागे धावते आहे. या पंचवीस वर्षांत आई बदलली, की तिच्याकडे बघणारी मुलगी बदलली?

“कादंबरी सरळ चालत नाही. मध्येच एखादं दार बोलतं, एखादा कावळा विचार करतो, वाक्यं वाट सोडून हिंडतात. घाई केली तर काही हाती लागत नाही. आज लेखिका स्वतः वाचणार आहेत, त्यामुळे ती चाल कशी आहे ते आपल्याला त्यांच्याच आवाजात ऐकायला मिळेल. ‘रेत समाधि’. गीतांजलीजी, या.”

सावकाश वाचलं तर हा मजकूर अडीच ते तीन मिनिटांत होतो. मराठीत सभेत बोलताना मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द हा समजेल असा वेग. त्या हिशेबानं चार मिनिटांसाठी चारशे-पाचशे शब्द हातात असतात. ते सगळे वापरायलाच हवेत असं नाही.

या मजकुरातल्या काही गोष्टी मुद्दाम केलेल्या आहेत. त्यात एकही गौरवाचं विशेषण नाही. ज्येष्ठ, सुप्रसिद्ध, संवेदनशील, सिद्धहस्त हे शब्द काढले तरी लेखिकेचा मान कुठे कमी होत नाही, उलट तिचं पुस्तक कुणीतरी खरोखर वाचलं आहे हे तिला कळतं. लेखिकेला याहून मोठा मान दुसरा नाही. परिचय करून देणारीनं स्वतःचं एक मत सांगितलं आहे आणि ते प्रश्न म्हणून लेखिकेपुढे ठेवलं आहे, म्हणजे प्रश्नोत्तरांची सुरुवात आयती झाली. कादंबरी वाचायला सोपी नाही हेही लपवलेलं नाही. हे फार महत्त्वाचं आहे. ‘हातात घेतली की खाली ठेववत नाही’ असं सांगून कुणी विद्यार्थ्याच्या हाती ‘रेत समाधि’ दिली, तर विसाव्या पानावर तो स्वतःला कमी समजायला लागेल. वाट वळणाची आहे हे आधी सांगितलं तर तो धीर धरतो.

शेवटच्या वाक्यात लेखिकेचं नाव आलं, आणि तिथे बोलणं संपलं. त्यानंतर ‘मी त्यांना विनंती करते की त्यांनी व्यासपीठावर येऊन आपल्या अमूल्य विचारांचा लाभ आपणा सर्वांना करून द्यावा’ असं काही जोडलं की आधीचं वातावरण क्षणात विरतं.

मजकूर चांगला झाला की नाही हे ओळखायच्या दोन कसोट्या आहेत. पहिली: कादंबरीचं नाव झाकायचं आणि तिथे दुसऱ्या कुठल्याही कादंबरीचं नाव घालून वाक्य वाचायचं. वाक्य तसंच उभं राहिलं तर ते काढून टाकायचं. ‘मानवी नातेसंबंधांचा वेध घेणारी’, ‘समाजवास्तवाचं विदारक चित्रण करणारी’, ‘स्त्रीमनाचे पदर उलगडणारी’ ही वाक्यं या कसोटीवर एका फटक्यात गळतात. दुसरी कसोटी मित्राची. कादंबरी न वाचलेल्या कुणाला तरी मजकूर मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि संध्याकाळी विचारायचं, काय आठवतं? त्याला काठी आठवली, भिंत आठवली तर काम झालं. त्याला फक्त लेखिकेला मिळालेले पुरस्कार आठवले तर पुन्हा लिहायला बसायचं.

ही रीत फक्त अशा वळणदार कादंबरीलाच लागू पडते असं नाही. कविता महाजन यांची 2005 सालची ‘ब्र’ घ्या. आदिवासी भागात, स्वयंसेवी संस्थेच्या कामानिमित्त प्रफुल्ला नावाची एक बाई हिंडते आणि गावोगावच्या महिला सरपंचांना, पंचायत सदस्यांना भेटते. या कादंबरीची ओळख ‘स्त्रीवादी’ हा एक शब्द वापरून कितीदा तरी उरकली गेली असेल. पण तिचा पेच सांगायचा तर जमिनीवरची एक हकीकत आधी सांगावी लागते. 73 व्या घटनादुरुस्तीनं 1993 पासून पंचायतींत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. कायद्यानं खुर्ची दिली. मग त्या खुर्चीत बसलेल्या बाईला बोलू कोण देतं, सही कुणाच्या सांगण्यावरून होते, आणि ती बोललीच तर तिला काय मोजावं लागतं? हे विचारलं की सभागृहातल्या ग्रामीण भागातून आलेल्या मुलींना ही कादंबरी आपल्या गावच्या पंचायतीत घडते आहे हे लगेच कळतं. कविता महाजन 2018 साली गेल्या, त्यामुळे तो परिचय आता त्यांच्यासमोर करता येणार नाही. पण वाचकांसमोर आजही करता येतो.

व्यवहारातली एक अडचण मात्र उरते. परिचयात चरित्र आणि पुरस्कार आले नाहीत तर आयोजकांना ते अपुरं वाटतं. कुणीतरी म्हणतं, पाहुण्यांचा यथोचित सन्मान झाला नाही. त्यावर तोडगा सोपा आहे. पुरस्कारांची आणि पुस्तकांची यादी निमंत्रणपत्रिकेच्या मागच्या बाजूला छापायची, किंवा शाल-श्रीफळ देताना सूत्रसंचालकानं चार वाक्यांत सांगायची. स्वागत, प्रास्ताविक आणि परिचय करणाऱ्या तिघांनी आधी दहा मिनिटं एकत्र बसून कोण काय बोलणार हे वाटून घ्यायचं. असं वाटून घेतलं नाही तर तीच जन्मतारीख तिघांच्या तोंडून ऐकायला मिळते.

तेव्हा वाङ्मय मंडळाचं काम पाहणाऱ्या प्राध्यापकांना एवढीच विनंती आहे. लेखिकेची तारीख पक्की झाली की त्याच दिवशी परिचय करणारा विद्यार्थी निवडा, कादंबरीची एक प्रत मंडळाच्या खर्चानं त्याच्या हातात द्या, आणि वाचायला निदान तीन आठवडे मोकळे ठेवा. मग लेखिकेचा फोन नंबर द्या. बायोडाटा सगळ्यात शेवटी दिलात तरी चालेल.